पाइप आणि पोटातलं काँक्रीट: भार कोण किती उचलतं?

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये जागा इंचाइंचाने मोजली जाते. लष्करी छावणीच्या बराकी, फाळणीनंतर तिथे वसवलेली सिंधी कुटुंबं आणि मग त्याच अरुंद पट्ट्यांवर चढलेले मजले, असा या वस्तीचा इतिहास आहे. त्यामुळे खाली दुकान आणि वर घरं अशा इमारतीत दुकानाच्या मध्यभागी फुटभर जाडीचा काँक्रीटचा कॉलम आला की मालक अस्वस्थ होतो. अशा वेळी फॅब्रिकेटर एक पर्याय सुचवतो: आठ-साडेआठ इंची पोलादी पाइप उभा करा आणि आत काँक्रीट भरा. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शहरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, आणि त्यातली एक इमारत कॅम्प १ मधली होती. तेव्हापासून असा पर्याय ऐकल्यावर पुढचा प्रश्न लगेच येतो, आणि तो यायलाच हवा. या पाइपवर नेमका किती भार टाकायचा?

उत्तरं तीन प्रकारची मिळतात. पहिलं म्हणतं, पोलादाची ताकद अधिक काँक्रीटची ताकद. दुसरं म्हणतं, बेरजेपेक्षा बरंच जास्त, कारण पाइप काँक्रीटला आवळून धरतो. तिसरं सावध असतं: आतलं काँक्रीट सोडून द्या, पाइप एकटाच धरा. तिन्ही उत्तरांमागे काही ना काही खरं आहे. कोणतं उत्तर कुठे लागू पडतं हे ठरवायला एकच नमुना पाइप घेऊन हिशोब शेवटपर्यंत नेणं मला सर्वांत उपयोगी वाटतं.

समजा पाइपचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी आणि जाडी ६ मिमी आहे. पोलाद आयएस ११६१ मधल्या वायएसटी ३१० प्रतीचं, म्हणजे ३१० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणाला ते नमायला लागतं. आत एम ३० काँक्रीट आहे. एम ३० मधला ३० हा घनाच्या चाचणीचा आकडा. लांबट सिलिंडरची ताकद त्याच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे २४ धरू, कारण या विषयातली बहुतेक परदेशी सूत्रं सिलिंडरच्या आकड्यावर उभी आहेत. आपल्याकडे हा बदल न करता थेट ३० घालून हिशोब करण्याची चूक सर्रास होते. तिने काँक्रीटचा वाटा एका फटक्यात पाव पटीने फुगतो.

या पाइपच्या छेदात पोलादाचं क्षेत्रफळ ४,०१७ चौरस मिमी आणि काँक्रीटचं ३३,६८६ चौरस मिमी येतं. पोलादाचा वाटा १,२४५ किलोन्यूटन, काँक्रीटचा ८०८, एकूण २,०५४ किलोन्यूटन. दहा किलोन्यूटनला साधारण एक टन धरला तर हे २०५ टन होतात. सुरक्षा गुणक अजून लावलेले नाहीत, लांबीचा विचार केलेला नाही. ही साधी बेरीज आहे आणि पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

बेरजेपेक्षा जास्त का मिळावं? दाबाखाली कोणतीही वस्तू आखूड होते आणि आडवी फुगते. पोलाद जेवढं आखूड होतं त्याच्या सुमारे ०.३ पट आडवं फुगतं. काँक्रीटसाठी सुरुवातीला हा आकडा ०.१५ ते ०.२ असतो. म्हणजे भार कमी असताना पाइप आतल्या काँक्रीटपेक्षा जास्त फुगतो आणि दोघांमधला संपर्क सैल पडू पाहतो. या टप्प्यावर आवळण्याचा प्रश्नच नाही; दोघं शेजारी शेजारी उभे राहून आपापला भार वाहतात. रोजच्या वापरातला कॉलम बहुतेक याच टप्प्यात असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भार वाढत गेला की काँक्रीटच्या पोटात बारीक भेगा पडू लागतात आणि त्याची आडवी फुगण्याची गती झपाट्याने वाढून पोलादाला मागे टाकते. आता काँक्रीट पाइपवर आतून दाबतं, पाइप परिघाच्या दिशेने ताणला जातो आणि उलट काँक्रीटला चारी बाजूंनी दाबून धरतो. असं दाबून धरलेलं काँक्रीट किती जास्त भार घेतं हे रिचर्ट, ब्रँटझेग आणि ब्राउन यांनी अमेरिकेत १९२८ साली चाचण्यांनी दाखवलं. आडव्या दाबाच्या सुमारे ४.१ पट इतकी उभी ताकद वाढते. हा आकडा आजही या विषयाचा पाया आहे.

पण हे फुकट मिळत नाही, आणि दुकानात पाइप विकणारा नेमकं हेच सांगत नाही. परिघाच्या दिशेने ताणलं गेलेलं पोलाद उभ्या दाबासाठी पूर्ण ३१० देऊ शकत नाही. दोन्ही ताणांचं मिळून एकच मर्यादित भांडवल असतं. आपल्या पाइपमध्ये परिघाचा ताण ६२ धरू, म्हणजे पोलादाच्या ताकदीचा पाचवा हिस्सा. त्याने काँक्रीटवर आडवा दाब सुमारे ३.६ येतो, ४.१ ने गुणला की काँक्रीटची ताकद १४.७ ने वाढते, आणि पूर्ण छेदावर ४९६ किलोन्यूटन जास्त मिळतात. त्याच वेळी पोलादाची उभी ताकद ३१० वरून २७४ वर उतरते आणि १४३ किलोन्यूटन जातात. निव्वळ फायदा ३५३, बेरजेच्या सुमारे १७ टक्के. संयुक्त कृतीचं मर्म या देवघेवीत आहे: पोलाद उभं काम थोडं सोडतं आणि आडवं काम हातात घेतं, आणि त्या आडव्या कामाची काँक्रीटकडून मिळणारी किंमत जास्त असते.

दुसरा फायदा शांतपणे मिळतो. पोकळ पाइपची पातळ भिंत दाबाखाली आत किंवा बाहेर कुठेही सुरकुतते. आत काँक्रीट असलं की आत जायला जागाच उरत नाही. भिंत फक्त बाहेर फुगू शकते आणि त्यासाठी जास्त भार लागतो. म्हणूनच चाचणीत मोडलेल्या आखूड कॉलमच्या टोकाजवळ कडं घातल्यासारखा बाहेरचा फुगवटा दिसतो. युरोकोड ४ गोल पाइपसाठी व्यास आणि जाडीचं गुणोत्तर ९० गुणिले २३५ भागिले पोलादाची ताकद यापेक्षा जास्त होऊ देत नाही. आपल्या पोलादासाठी ती मर्यादा ६८ येते. आपला पाइप ३६.५ वर आहे, म्हणजे निवांत आहे.

आता मतभेदांकडे येऊ. पाइपमध्ये काँक्रीट भरण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडातल्या १८७९ च्या सेव्हर्न रेल्वे पुलात नळ्यांमध्ये काँक्रीट भरलं ते आतून गंज लागू नये म्हणून, ताकदीसाठी नव्हे. ताकदीच्या नेमक्या चाचण्या विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सुरू झाल्या. जर्मनीत क्लॉपेल आणि गोडर यांनी १९५७ मध्ये, अमेरिकेत फरलाँगने १९६७ मध्ये आणि नोल्स व पार्क यांनी १९६९ मध्ये केलेल्या चाचण्या आजही उद्धृत होतात. तिथून तीन विचारधारा वेगळ्या झाल्या.

अमेरिकन पोलाद संहिता साध्या बेरजेच्या जवळ राहते. गोल पाइपमध्ये ती काँक्रीटची ०.९५ पट ताकद धरते, चौकोनीमध्ये ०.८५ पट. आवळण्याचा फायदा तिच्या लेखी एवढाच की गोल पाइपमधलं काँक्रीट चौकोनीपेक्षा थोडं जास्त मोजायचं. आपल्या पाइपसाठी तिचं उत्तर २,०१३ किलोन्यूटन. युरोकोड आवळण्याचा फायदा उघडपणे मोजतो, पण कॉलमच्या लांबीवर तो बांधून टाकतो. व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ६६ सेंमी लांबीचा आपला तुकडा घेतला तर युरोकोडचं उत्तर २,६६० किलोन्यूटन, बेरजेपेक्षा ३० टक्के जास्त. चिनी विचारधारेने, विशेषतः हार्बिनच्या झोंग शानतोंग यांनी आणि पुढे लिन-हाय हान यांनी, वेगळाच रस्ता घेतला. पोलाद आणि काँक्रीट वेगळे मोजायचेच नाहीत. दोघांचा मिळून एक नवा पदार्थ धरायचा आणि त्याची ताकद एका गुणोत्तरावरून काढायची. ते गुणोत्तर म्हणजे पोलादाचा भार भागिले काँक्रीटचा भार. आपल्या पाइपसाठी, चिनी संहितेप्रमाणे ३० च्या घनाला काँक्रीटची ताकद २०.१ धरून, ते १.८४ येतं आणि हान यांच्या सूत्राने एकूण भार सुमारे २,२८५ किलोन्यूटन निघतो.

तीन उत्तरांमध्ये साडेसहाशे किलोन्यूटनचं अंतर पाहून घाबरण्याचं कारण नाही. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. हान यांचं सूत्र ठरावीक आकुंचनापर्यंतचा भार देतं, शिखराचा नाही. युरोकोड आखूड तुकड्याचं शिखर सांगतो. अमेरिकन संहिता त्या शिखराकडे न पाहता तळाची खात्रीची रेषा आखते. मँचेस्टरच्या गुड यांनी २००८ मध्ये १,८१९ चाचण्या युरोकोडशी ताडून पाहिल्या, त्यातून गोल पाइपबद्दल विश्वास वाढला. जास्त ताकदीच्या काँक्रीटने भरलेल्या चौकोनी नळ्यांबद्दल मात्र सावधगिरीची गरज दिसली. आपल्याकडे पुलांसाठी आयआरसी २२ ची २०१५ ची आवृत्ती आणि इमारतींसाठी आयएस ११३८४ ची २०२२ ची आवृत्ती आता संयुक्त कॉलम हाताळतात. १९८५ च्या जुन्या ११३८४ मध्ये कॉलम नव्हते, म्हणून अनेक जुन्या अभियंत्यांची सवय अजून केवळ आयएस ८०० आणि आयएस ४५६ यांच्या जोडणीची आहे.

कॅम्प १ मधल्या दुकानासाठी निर्णायक ठरते ती लांबी, आणि या प्रश्नाच्या आढाव्यांमध्ये तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही असं मला वाटतं. प्रयोगशाळेतला तुकडा ६६ सेंमीचा असतो. दुकानाची उंची, बेस प्लेटपासून बीमच्या तळापर्यंत, ३.२ मीटर धरू आणि दोन्ही टोकं फिरू शकतात असं मानू, कारण चार बोल्टची बेस प्लेट म्हणजे घट्ट टोक नव्हे. आता कॉलम चिरडण्याआधी वाकायला लागेल का हे पाहायचं. पोलादाचा कडकपणा पूर्ण आणि काँक्रीटचा ०.६ पट धरून वाकण्याचा सैद्धांतिक भार सुमारे ६,२५० किलोन्यूटन येतो. सडपातळपणाचा अंक म्हणजे २,०५४ भागिले ६,२५० याचं वर्गमूळ, ०.५७.

युरोकोडमध्ये आवळण्याच्या फायद्याचा गुणक असा आहे, इथे λ म्हणजे हाच अंक:

`ηco = 4.9 − 18.5λ + 17λ²`

अंक शून्य असताना हा ४.९ असतो. ६६ सेंमीच्या तुकड्यासाठी, अंक ०.१२ असताना, तो २.९५ पर्यंत उतरतो. दीड मीटरच्या कॉलमसाठी १.१६, आणि एकूण फायदा ९ टक्के उरतो. अंक ०.४६ च्या आसपास गेला की गुणक शून्यावर येतो, आणि ०.५ च्या पुढे संहिता तो वापरूच देत नाही. आपला ३.२ मीटरचा कॉलम ०.५७ वर आहे. म्हणजे दुकानातल्या या पाइपला आवळण्याचा फायदा शून्य आहे.

कारण समजायला कठीण नाही. लांब कॉलम थोडा वाकतो, त्याची एक बाजू जास्त दाबली जाते आणि दुसरी कमी. काँक्रीटला सगळीकडून फुगायला लागेल एवढं आकुंचन पोहोचण्याआधीच कॉलमचं वाकणं सुरू होतं. आवळ हा शेवटच्या टप्प्याचा फायदा आहे, आणि लांब कॉलम त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. पाइपच्या जाहिरातीत ३० किंवा ५० टक्के जास्त ताकदीचे आकडे दिसले तर आधी विचारायचं: तुकडा किती लांब होता?

म्हणून या कॉलमचा खरा हिशोब साध्या बेरजेवरच उभा राहतो. सुरक्षा गुणक पोलादाला १.१ आणि काँक्रीटला १.५ लावले की १,६७१ किलोन्यूटन. वाकण्यासाठी ०.९ ने गुणलं की सुमारे १,५०० किलोन्यूटन. प्रत्यक्ष भाराला १.५ चा गुणक असतो, म्हणजे वापरातला भार १,००० किलोन्यूटन किंवा साधारण १०० टन. पोकळ पाइप एकटा असता तर याच पद्धतीने तो १,५०० ऐवजी सुमारे १,०४० पर्यंत गेला असता. काँक्रीटने ४५ टक्के वाढ दिली, आणि तीही आवळ न मोजता. आयएस ४५६ प्रमाणे १,५०० किलोन्यूटनसाठी एम ३० आणि एक टक्का सळई घेऊन साधा कॉलम जवळजवळ ३१५ मिमी बाजूचा चौकोन होतो. जागेच्या बाबतीत पाइप इथे खरोखर जिंकतो.

ग्राउंड प्लस चारच्या इमारतीत एका कॉलमच्या वाट्याला १२ चौरस मीटर आणि दर मजल्याला चौरस मीटरमागे १२ किलोन्यूटन धरले, तर पाच स्लॅबचा वापरातला भार ७२० किलोन्यूटन होतो. पाइप तो उचलतो आणि शिल्लकही राहते. ही शिल्लक खाऊन टाकणाऱ्या दोन गोष्टी मात्र नकाशावर दिसत नाहीत, जोडकामात दिसतात.

पहिली म्हणजे भार मध्यावर येतो की कडेला. युरोकोडमध्ये आवळण्याचा फायदा भार मध्यापासून व्यासाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सरकेपर्यंतच आहे. आपल्या पाइपला म्हणजे २२ मिमी. लांबीमुळे आपल्याला तो फायदा नाहीच, पण हाच आकडा सांगतो की पद्धत किती नाजूक आहे. एकाच बाजूने येणारा बीम पाइपच्या भिंतीला वेल्ड केलेल्या पट्टीवर बसवला की भार मध्यापासून किमान ११० मिमी दूर येतो, पाचपट. तेव्हा हा कॉलम केवळ भार घेणारा राहत नाही, त्याला वाकवणारं बलही मोजावं लागतं आणि १०० टनांचा आकडा बाजूला ठेवावा लागतो. दोन्ही बाजूंनी सारखे बीम आले तर परिणाम बऱ्यापैकी रद्द होतो. कोपऱ्यातल्या आणि दर्शनी कॉलमना ही सोय नसते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बीम पाइपच्या बाहेर जोडला जातो, म्हणजे भार आधी पोलादात जातो. आतल्या काँक्रीटला त्याचा वाटा कोण देतं? फक्त पाइपच्या आतल्या पृष्ठभागाची पकड. युरोकोड गोल पाइपसाठी ही पकड ०.५५ न्यूटन प्रति चौरस मिमी धरतो, चौकोनीसाठी ०.४०, आणि भार पसरायला व्यासाच्या दुप्पट लांबीच मोजू देतो. आपल्या पाइपमध्ये आतला परीघ ६५१ मिमी, लांबी ४३८ मिमी, म्हणजे एकूण पकड सुमारे १५७ किलोन्यूटन. काँक्रीटचा वाटा एकूण भाराच्या ३२ टक्के आहे. दर मजल्याचा गुणकासह भार २१६ किलोन्यूटन असेल तर काँक्रीटकडे ७० जायला हवेत, पकड पुरते. पण दुकान मोकळं हवं म्हणून वरचा कॉलम मध्येच थांबवून मोठ्या आडव्या बीमने त्याचा ६०० किलोन्यूटनचा भार एका पाइपच्या भिंतीवर आणला, तर काँक्रीटला १९४ हवेत आणि पकड १५७ वर संपते. उरलेला भार पोलादात अडकून राहतो आणि जोडाखालची भिंत ठरवल्यापेक्षा जास्त दाबली जाते.

उपाय आहे आणि महाग नाही. पाइपला समोरासमोर खाच पाडून एक जाड प्लेट आरपार घालायची आणि बीम तिला जोडायचा. प्लेट थेट काँक्रीटवर बसते. कॉलम तिथेच संपत असेल तर संपूर्ण छेद झाकणारी टोपी-प्लेट, तिच्याखाली काँक्रीट पूर्ण भिडलेलं. स्वीडनच्या योहान्सन आणि ग्युलटॉफ्ट यांच्या २००२ च्या चाचण्यांत हेच दिसलं होतं: भार पूर्ण छेदावर दिला तर पकड कमी-जास्त असण्याने फरक पडत नाही, एका भागावर दिला की पकड महत्त्वाची ठरते. रोडर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की पाइप मोठा आणि भिंत पातळ होत जाते तशी ही पकड घटते, म्हणून छोट्या पाइपच्या अनुभवावर मोठ्याचा हिशोब करू नये.

चौकोनी नळी फॅब्रिकेटरला आवडते, कारण सपाट बाजूवर पट्टी सरळ बसते. आवळ मात्र तिच्यात जवळजवळ नसतो. आतून दाब आला की सपाट बाजू फुगतात आणि फक्त कोपरे धरून ठेवतात. साध्या बेरजेच्या पलीकडे तिथे काही मागू नये आणि भिंत पुरेशी जाड हवी: युरोकोडच्या मर्यादेने आपल्या प्रतीच्या २०० मिमी चौकोनाला सुमारे ४.४ मिमीपेक्षा पातळ भिंत चालत नाही. चौकोनी पेटीत काँक्रीट भरणं निरर्थक आहे असं मात्र नाही. जम्मू-काश्मीरमध्ये मुंबईच्या अफकॉन्सने उभारलेल्या, ६ जून २०२५ रोजी खुल्या झालेल्या चिनाब रेल्वे पुलाच्या ४६७ मीटरच्या कमानीत पोलादी पेट्यांमध्ये काँक्रीट भरलं आहे, ते स्थैर्यासाठी. तिथे वजन आणि कडकपणा हा फायदा आहे.

उलट टोकाचं उदाहरण खाडीपुलांच्या पाइलमध्ये मिळतं. खाऱ्या पाण्यातल्या पाइलभोवती पोलादी लायनर कायमचं ठेवतात, आणि आकाराने ते हुबेहूब काँक्रीट भरलेला पाइप दिसतं. तरीही हिशोबात त्याची ताकद सहसा धरत नाहीत, कारण ते पाण्यात झिजणार हे गृहीत असतं. तिसऱ्या, सावध उत्तराच्या मागे नेमकं हेच तर्कशास्त्र आहे, फक्त तिथे पोलाद सोडतात आणि दुकानात काँक्रीट.

दुकानात काँक्रीट सोडून देण्याचा सल्ला येतो तो भरण्याच्या अनुभवातून, आणि मला तो समजतो. २०७ मिमीच्या अंधाऱ्या नळीत सव्वातीन मीटर खाली काय झालं हे कोणाला दिसत नाही. वरून बादलीने ओतलेलं काँक्रीट पडताना खडी आणि सिमेंटपाणी वेगळं होतं, तळाला खडीची घरटी उरतात, आरपार प्लेट असेल तर तिच्याखाली हवा अडकते. म्हणून खडी १० किंवा १२ मिमीची घ्यायची, नळीतून तळापासून भरत वर यायचं किंवा स्वतःच पसरणारं काँक्रीट वापरायचं, आणि आरपार प्लेटमध्ये हवेसाठी भोकं ठेवायची. पाइपच्या भिंतीतही दर मजल्याला वर आणि खाली किमान २० मिमीचं एकेक भोक हवं. आगीत काँक्रीटमधल्या पाण्याची वाफ होते आणि बंद पाइपमध्ये तिला वाट नसेल तर पाइप फाटतो.

भरलं की नाही हे ओळखायचा सर्वांत सोपा उपाय मोजमापाचा आहे. ३.२ मीटरच्या आपल्या पाइपचं पोट १०८ लिटरचं. ओतलेलं काँक्रीट मोजून घेतलं आणि नव्वद लिटरमध्येच पाइप काठोकाठ दिसला, तर आत कुठेतरी १८ लिटरची पोकळी आहे. आठवड्याभराने छोट्या हातोडीने भिंत ठोकत वरपासून खाली यावं. भरलेल्या जागी आवाज बसका येतो, सुटलेल्या जागी खणखणीत. जोडाच्या खाली अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात खणखणीत आवाज आला तर पकडीचा वरचा सगळा हिशोब तिथे लागू होत नाही. तिथे ध्वनिलहरींची चाचणी करावी आणि गरज पडल्यास भिंतीला भोक पाडून सिमेंटचं ग्राउट दाबाने भरावं. काँक्रीट आकसल्यामुळे भिंतीपासून केसभर सुटलं असेल तर बेरजेचं मोठं नुकसान होत नाही, पण आवळण्याचा फायदा आणि पकड दोन्ही उशिरा किंवा कमी मिळतात.

एक प्रश्न जुन्या वस्तीत हमखास येतो: वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पोकळ पाइपमध्ये आता काँक्रीट भरलं तर? पाइप आधीचा भार एकटाच वाहत असतो आणि नवं काँक्रीट त्यातला काहीही उचलत नाही. ते फक्त यापुढे वाढणाऱ्या भारात वाटेकरी होतं, आणि तेही वरची प्लेट त्याच्यावर घट्ट बसली असेल तर. प्लेटखाली बोटभर फट राहिली तर वाटा फक्त पकडीतूनच जातो. आखूड, जाड कॉलमच्या शेवटच्या ताकदीवर आधीच्या भाराचा परिणाम थोडाच होतो, कारण पोलाद नमायला लागल्यावर भार काँक्रीटकडे सरकतो. लांब पाइपला मात्र ही सवलत पूर्ण मिळत नाही. तो आधीच थोडा वाकलेला असतो. म्हणून वर मजला चढवायचा विचार असेल तर भरण्याआधी जॅक लावून पाइपवरचा भार हलका करावा, काँक्रीटची ताकद येईपर्यंत जॅक तसेच ठेवावेत आणि वरच्या फटीत न आकसणारं ग्राउट ठासून मगच जॅक सोडावेत.

तेही करण्याआधी पाइपचा पाया बघायला हवा. लादी धुतल्याचं पाणी आणि पावसाळ्यात तुंबणारं पाणी बेस प्लेटच्या वरच्या काही इंचांत साचतं. तिथली भिंत ६ वरून ५ मिमी झाली तर पोलादाच्या वाट्यातून सुमारे २१० किलोन्यूटन जातात, म्हणजे मूळ बेरजेतला दहावा हिस्सा. लादीच्या वर चार-सहा इंचांत रंग सोलून काढावा, गंजाचे पापुद्रे खरवडावेत आणि जाडी मोजणारं ध्वनियंत्र चारही बाजूंना लावावं. चारपैकी सर्वांत कमी जो आकडा येईल तो घेऊन वरचा सगळा हिशोब पुन्हा करावा, आणि वरच्या मजल्याची परवानगी मागायची की नाही हे त्यानंतर ठरवावं.